मदत हवी आहे : तीन पानांपासून सुरुवात केल्यास तळे कधी भरेल?

आमच्या भंडारा जिल्ह्यातील गावात, बोडीच्या काठावर बसवून, मी सातवीच्या मुलांना हे कोडे घातले : कमळाची पाने रोज दुप्पट होतात, पहिल्या दिवशी एकच पान असते आणि तिसाव्या दिवशी तळे पूर्ण झाकते, तर ते अर्धे कधी झाकले होते? बहुतेकांनी पंधरावा दिवस सांगितला. मात्र शेवटून मागे येताना प्रत्येक दिवशी निम्मे करायचे, हे कळताच एकोणतिसाव्याला अर्धे, अठ्ठाविसाव्याला पाव, हे त्यांनीच काढले. दोन पानांनी सुरुवात केल्यास एकच दिवस वाचतो, हेही पटले. तीन पाने घेतल्यास मात्र अठ्ठाविसाव्या दिवशी पाऊण तळे झाकते आणि पुढच्या दुपटीत ते मावत नाही. दिवसाच्या मधला हा क्षण लॉगरिदमशिवाय मुलांना कसा दाखवावा?