वरच्या मजल्यावर पाणी मुतखडा झाल्यासारखं थेंब थेंब, कमिटीला पत्र कसं लिहू?

> "चौथ्या मजल्यावर शॉवर चालतच नाही, दोनदा लिहून दिलं, कमिटी म्हणते तुमचेच नळ साफ करा."

ताई, आमच्याकडे म्हापशाला सेम झालेलं. "प्रेशर कमी आहे" एवढंच लिहिलं की कोणी हलत नाही, मोजून लिहा. मी सकाळी साडेसातला 20 लिटरची बादली नळाखाली ठेवली, भरायला 6 मिनिटं लागली, खाली दुसऱ्या मजल्यावर त्याच लाइनवर 2 मिनिटांत भरली. हे आठवडाभर तारखेसकट लिहिलं आणि शेजारच्या फ्लॅटची सही घेतली, कारण दोघांकडे एकदम कमी असेल तर दोष कॉमन लाइनमध्ये असायची शक्यता जास्त, मग नळाची जाळी साफ करा म्हणून टाळता येत नाही.

आणि टाकी डोक्यावर असूनही आपल्यालाच कमी का, तर प्रेशर उंचीवर ठरतं, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार, आपण टाकीच्या खाली जेमतेम 3 मीटर, म्हणजे 0.3 बार. त्यात थोडा जरी अडथळा आला की पहिला फटका आपल्याला, खालच्यांना कळतही नाही.

म्हणून पत्रात नुसती तक्रार नको, "टाकीच्या आउटलेटचा गेट व्हॉल्व्ह आमच्यासमोर तपासा" असं मागा. आमच्याकडे चाक पूर्ण उघडं फिरायचं पण आतली झडप तुटून अर्ध्यावर अडकलेली! बदलल्यावर बादली अडीच मिनिटांवर आली. शॉवर मात्र अजून सुस्तच, त्याला वरच्या मजल्यांच्या लाइनवर छोटा प्रेशर पंपच लागेल, तो खर्च जनरल बॉडीत मांडा.