सल्ला हवा: टॉवेल कारखान्याच्या अ‍ॅनिमेशनआधी ब्रीफमध्ये काय लिहून घ्यावं?

कडक_भाकरी:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलवाल्यांचं काम आलंय. साठ सेकंदांचा अ‍ॅनिमेटेड एक्स्प्लेनर. काय सांगायचं विचारलं तर मालक म्हणाले, आजोबांपासूनचा धंदा, नवे लूम, एक्स्पोर्ट, पक्का रंग, कापडाच्या वजनाचा जीएसएम आकडा, रास्त भाव, सगळंच घ्या. बघणार कोण, तर "टॉवेल कुणाला लागत नाही?" स्टोरीबोर्डला हात लावायच्या आधी एक पानाचं ब्रीफ लिहून सही घ्यायचीय. प्रेक्षक, एकच मुद्दा आणि टोन त्यांच्याकडून काढून कसं घेऊ?

पार्क_चौक:
आफ्टर इफेक्ट्समध्येच कर. पाण्याचे थेंब ब्लेंडरमध्ये झकास होतात, पण रेंडरला रात्र जाते बे.

कडक_भाकरी:
सॉफ्टवेअर ठरलंय हो, अडलंय ते ब्रीफपाशी.

जुळे_सोलापूर:
प्रेक्षक सोपा आहे. महिला, वय पंचवीस ते पंचेचाळीस, पुणे-मुंबई. जाहिरात लावताना हेच भरावं लागतं. आणि मुद्दे सहा असतील तर दहा-दहा सेकंद वाटून द्या, बसतात की.

फ्रेमवाली:
वय, शहर जाहिरात लावताना लागतं, खरंय. पण त्यावरून निवेदनाचं पहिलं वाक्य सुचत नाही. तीच बाई दुकानात टॉवेल चाचपताना वेगळी असते, घरी आणून वैतागल्यावर वेगळी. ब्रीफमध्ये ती कुठल्या घडीला व्हिडिओ बघते ते लिहा.

आणि दहा सेकंदांचं गणित बघा. मराठी निवेदन ऐकणाऱ्याला झेपेल अशा गतीने सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. म्हणजे एका मुद्द्याला वीस शब्द. जीएसएम समजावण्यातच ते संपतील.

मालकांना "तुमचा मुख्य मुद्दा काय" असं विचारू नका, सहाच येणार. सगळ्यात जास्त कुठल्या तक्रारीचे फोन येतात ते विचारा.

कडक_भाकरी:
विचारलं. लगेच म्हणाले, "नवा टॉवेल पाणीच टिपत नाही." दुकानदार माल परत पाठवतात म्हणे.

फ्रेमवाली:
मग मिळालंच की. टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटच्या फिनिशिंगमध्ये सॉफ्टनर देतात. त्याचा थर धाग्यावर राहतो आणि पाणी आत शिरत नाही. एक-दोनदा धुतलं की तो बराच निघून जातो. माल खराब नसतो, पण गिऱ्हाइकाला ते कळणार कसं?

प्रेक्षक असा लिहा: "नवा टॉवेल पहिल्यांदा वापरून आपण फसलो असं वाटलेली व्यक्ती." मुद्दा असा: "वापरण्याआधी टॉवेल एकदा धुवा." मुद्द्याच्या वाक्यात 'आणि' आला की दोन व्हिडिओ झाले समजा.

जुळे_सोलापूर:
पण आमच्या घरी प्रत्येक धुण्याला कंडिशनर घालतात. त्यानेही टिपणं कमी होतं. ते नको सांगायला?

फ्रेमवाली:
हा मुद्दा तोलामोलाचा आहे. म्हणून मालकांना आणखी एक विचारा: तक्रार पहिल्या दिवशी येते की महिन्या-दोन महिन्यांनी? पहिल्या दिवशी येत असेल तर "आधी धुवा". उशिरा येत असेल तर मुख्य मुद्दा कंडिशनरचा आणि प्रेक्षकही बदलला. दोन्ही एकात कोंबू नका.

टोनच्या रकान्यात "फ्रेंडली पण प्रोफेशनल" लिहून काही हाती लागत नाही. एकच वाक्य तीन तऱ्हांनी लिहून न्या. "आपण नवीन टॉवेल वापरण्यापूर्वी धुवावा." "नवा टॉवेल ना? आधी एकदा धुऊन घ्या." "अगं थांब, धुतलास का?" मालक एक निवडतील, उरलेली दोन "असं नको" म्हणून ब्रीफमध्येच ठेवा. इथे मधलं चालेल असं मला वाटतं. गिऱ्हाइकाची चूक नाही, तेव्हा तिला हसणारा टोन नको. पात्राचा चेहरा, संगीत, निवेदिकेचा आवाज सगळं त्या ओळीवरून ठरतं.

स्क्रिप्ट झाली की कारखान्याबाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा आणि तासाभराने विचारा, टॉवेल आणला तर काय कराल? "सोलापूरचे टॉवेल छान असतात" असं उत्तर आलं तर परत लिहा. आवाज रेकॉर्ड झाल्यावर एक वाक्य बदललं तरी पुढच्या सगळ्या सीनचं टायमिंग सरकतं.

पद्मशाली_पोरगा:
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड. निवेदन मराठीतच का? कलबुर्गी, विजयपूरची दुकानंही इथूनच माल नेतात.

कडक_भाकरी:
हे डोक्यातच नव्हतं. पडद्यावर अक्षरं टाकली नाहीत तर आवाज बदलून भागेल का?

फ्रेमवाली:
भागतं, पण दुसऱ्या भाषेत वाक्यं लांबली तर सीन पुरत नाहीत. कुठल्या भाषा लागणार ते ब्रीफमध्येच लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक सीनला थोडी जागा सोडता येईल. आजोबा, लूम, एक्स्पोर्ट हेही गाळू नका. "या व्हिडिओत नाही" असं वेगळं शीर्षक देऊन खाली लिहा, नाहीतर मालकांना वाटेल तुम्ही विसरलात.

कडक_भाकरी:
तक्रार पहिल्याच दिवशीची असते असं मालक म्हणतात. त्यांचे चिरंजीव म्हणतात दोन्ही येतात. आणि आजोबांचा फोटो शेवटी तरी हवाच म्हणे.

फ्रेमवाली:
फोटो लोगोबरोबर शेवटच्या तीन सेकंदांत जाईल, निवेदनात नको. तक्रारीचं मात्र त्या दोघांना विचारून कळणार नाही. दुकानातून परत आलेला माल कोण बघतं? त्याला गाठा. आणि सही दोघांची घ्या.