किट काढतानाची भीती

"कोविड वॉर्डच्या या गोष्टीतली सिस्टर ड्युटी संपल्यावरच जास्त का घाबरते? वॉर्डातून तर बाहेर आली ना?"

अहो, गोष्टीत तेच तर अगदी खरं उतरलंय. 2020 ला मी कोविड वॉर्डला होते, पेशंटजवळ हात कामात असतात, घाबरायला वेळच नसतो. खरी धास्ती अंगावरचं पीपीई किट काढताना. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ, आणि किटची बाहेरची बाजू सगळी विषाणू लागलेलीच धरायची, म्हणजे घाईत ओढलं की संपलं. आधी वरचे ग्लव्हज, मग सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळत खाली, गॉगल मागच्या पट्ट्याला धरून, मास्क सगळ्यात शेवटी, आणि दर पायरीला हात सॅनिटाइझ. पण दमलं की हात आधी मास्ककडेच जातो हो, नाकावर वळ उठलेला असतो ना! माझा एकदा गेलाच होता, समोरची जोडीदारीण ओरडली, "ताई, हात खाली!" त्यानंतर मी प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायला लागले, गॉगल, हात, मास्क, हात... ती नुसती हं हं म्हणायची, तेवढ्यानेही जिवात जीव यायचा. गोष्टीत ही दुसरी सिस्टर कुठेच नाही, ते मात्र मला खटकलं.