मदत हवी आहे: सिटाग्लिप्टिन सुरू केल्यापासून आईची साखर वाढली, डोस दुप्पट करू का?

मंदार_प: आईची ग्लिमेपिराइड बंद करून सिटाग्लिप्टिन ५० दिली आहे. आधी उपाशीपोटी ११० यायची, आता १५०-१६०. गोळी लागूच पडत नाही. १०० ची देऊ का? डॉक्टरांची वेळ लांब आहे, लवकर सांगा.

चंद्रकोर: वय? किडनीचा रिपोर्ट? जुनी गोळी का बंद केली? सोबत काय चालू आहे?

अप्पा६१: या गोळ्यांत दम नाही. माझ्या वडिलांना शेवटी इन्सुलिनच लागलं. वेळ घालवू नका.

मंदार_प: वय ७९. पहाटे घामाने चिंब, असंबद्ध बोलत होती, मोजली तर ५४. म्हणून बंद केली. ईजीएफआर ३८. एचबीए१सी ७.६. बाकी फक्त मेटफॉर्मिनची गोळी.

वसुधा: ७.६ जास्तच आहे, साडेसहाच्या आत हवी. दुप्पट करा, या गोळीने साखर लो होत नाही.

चंद्रकोर: नका करू. ईजीएफआर ३० ते ४५ मध्ये असेल तर ५० हाच पूर्ण डोस. किडनी औषध हळू बाहेर टाकते, त्यामुळे त्यांच्या अंगात ५० चं काम १०० इतकंच होतं. ज्या एन्झाइमला ही गोळी अडवते, ते एवढ्यातच जवळपास बंद पडतं, वर आणखी देऊन साखर उतरणार नाही. या गटातल्या गोळ्या एचबीए१सी साधारण अर्धा ते पाऊण टक्का उतरवतात. ग्लिमेपिराइडचा जोर जास्त, पण ती साखर कमी असतानाही इन्सुलिन सोडायला लावते. सिटाग्लिप्टिन साखर चढलेली असतानाच जोर लावते, म्हणून एकटी असताना लो क्वचितच. ७९ व्या वर्षी, ५४ चा झटका येऊन गेल्यावर, ७.६ ला मी हात लावणार नाही.

वसुधा: मग लिनाग्लिप्टिन का नाही? तिला किडनी बघावी लागत नाही.

चंद्रकोर: चालेल, डोसचा हिशेब सुटेल. पण साखर त्यामुळे जास्त उतरेल असं नाही.

अप्पा६१: वजन कमी होतं का हिने? मला दहा किलो कमी करायचंय.

चंद्रकोर: नाही, वाढतही नाही. मंदार, मेटफॉर्मिनच्या पट्टीमागचं सगळं वाचा. बऱ्याच पट्ट्यांत दोन औषधं एकत्र असतात.

मंदार_प: ‘ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ’ लिहिलंय! बंद केली ती २ ची वेगळी गोळी होती.

चंद्रकोर: म्हणजे लो होण्याचा धोका अजून आहेच, आणि सिटाग्लिप्टिन जोडीला असताना तो वाढतो. किडनी मंद असली की ग्लिमेपिराइडचा असर लांबतो. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना फोन करा, साधी मेटफॉर्मिन मागा. आज पहाटे साखर मोजा.

मंदार_प: फोन लावतोय. ग्लिमेपिराइड बंद झाली की साखर आणखी चढेल ना?

चंद्रकोर: थोडी चढेल. किती, ते तीन महिन्यांनीच एचबीए१सीत दिसेल.

वसुधा: मला १६० अजूनही जास्तच वाटते.