मदत हवी आहे: स्कोअरकार्डात सगळं हिरवं, उत्पन्न मात्र जागच्या जागी

केळीबाग
नमस्कार मंडळी. जळगाव जिल्ह्यातल्या एका ६० बेडच्या खाजगी हॉस्पिटलात मी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन बघतो. गेल्या वर्षी एका सल्लागाराने आम्हाला बॅलन्स्ड स्कोअरकार्ड बनवून दिलं. शिक्षण, प्रक्रिया, रुग्ण आणि पैसा अशा चार चौकटी, आणि खालून वर जाणारे बाण. साखळी अशी: सिस्टरांना ट्रेनिंग दिलं की डिस्चार्ज लवकर होईल, डिस्चार्ज लवकर झाला की पेशंट खूश आणि बेड मोकळा, बेड मोकळा झाला की अ‍ॅडमिशन वाढतील आणि उत्पन्नही.

ऑक्टोबरात ट्रेनिंग झालं, ३४ पैकी ३१ सिस्टर हजर होत्या. डिस्चार्जचा सरासरी वेळ ६ तासांवरून जानेवारीत ४ तासांवर आला, फीडबॅकही सुधारला. खालच्या तिन्ही चौकटी हिरव्या आणि वरची तशीच लाल. मालक डॉक्टर म्हणतात, "तुझे बाण खोटे आहेत." मलाही आता तसंच वाटायला लागलंय. चुकलं कुठे?

वरणबट्टी
भाऊ, आमचं धुळ्यात १५ बेडचं नर्सिंग होम आहे. एनएबीएच एन्ट्री लेव्हलच्या वेळी आम्हीही असाच फाईलींचा डोंगर रचला होता. इंडिकेटरसाठी तयार एक्सेल आहे माझ्याकडे, पाठवू का? हँड हायजीन, पेशंट पडणं, इन्फेक्शन सगळं आहे त्यात.

केळीबाग
धन्यवाद डॉक्टरसाहेब, पण इंडिकेटर आमच्याकडे आधीच २६ आहेत. एकामुळे दुसरा हलतो का, हे मला कळत नाहीये.

सातपुडा
वजनं चुकली असतील. पैशाला ४०, पेशंटला ३०, प्रक्रियेला २०, शिक्षणाला १० टक्के द्या आणि इन्सेन्टिव्ह त्याला जोडा. लोक आपोआप धावतात. आमच्या कारखान्यात हेच केलं. आणि घाई करू नका, ट्रेनिंगचा परिणाम पैशात दिसायला दोन तिमाह्या लागतात.

तापीकाठ
सातपुडा दादा, उशिरा दिसण्याचं तुमचं बरोबर आहे. पण वजनं आत्ताच नको. जो बाण खरा आहे की नाही तेच माहीत नाही, त्यावर पगार टांगला तर लोक आकडा सुधारतील, काम नाही.

केळीबाग, मी बरीच वर्षं क्वालिटीत काम केलंय. दोन गोष्टी सांगा. रोज डिस्चार्ज किती आणि जानेवारीत बेड किती भरलेले होते? दुसरं, तुमच्या ४ तासांचं घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं?

केळीबाग
रोज साधारण १२ डिस्चार्ज, त्यातले ५ कॅशलेस. जानेवारीत सरासरी ३८ बेड भरलेले. पावसाळ्यानंतर डेंग्यू-तापाच्या दिवसांत मात्र ५५-५६ असतात, तेव्हा पेशंट परत पाठवावे लागतात. घड्याळ सॉफ्टवेअरमधलं आहे. सिस्टर 'डिस्चार्ज मार्क' करतात तिथे सुरू, बिल फायनल झालं की बंद.

तापीकाठ
मग हिशोब करून बघा. १२ पेशंटचे प्रत्येकी २ तास वाचले म्हणजे २४ तास, रोजचा एक बेड मोकळा. पण जानेवारीत तुमचे २२ बेड आधीच रिकामे होते. तेविसावा रिकामा झाला तर त्यावर झोपणार कोण? 'बेड मोकळा म्हणून अ‍ॅडमिशन' हा बाण तुमच्याकडे फक्त सीझनमध्ये चालतो, आणि ट्रेनिंग झालं सीझन सरता सरता. त्याची खरी परीक्षा ऑगस्ट ते ऑक्टोबरातच होईल. तोपर्यंत 'बेड नाही म्हणून परत पाठवले' असं एक रजिस्टर कॅज्युअल्टीत ठेवा. त्यातला आकडा शून्य असेल तेव्हा त्या बाणाकडून पैशाची अपेक्षाच करायची नाही.

घड्याळाबद्दल मला शंका आहे. गेल्या महिन्यातल्या २५ फाईली काढा. डॉक्टरांनी राउंडला केसपेपरवर डिस्चार्ज लिहिल्याची वेळ आणि पेशंटने बेड सोडल्याची वेळ, दोन्ही हाताने टिपा. सॉफ्टवेअर बघू नका.

केळीबाग
दोन दिवस बसून काढल्या. काय सांगू! राउंडपासून बेड सुटेपर्यंत सरासरी ५ तास २० मिनिटं. ट्रेनिंगआधीच्या २५ फाईलीही तशाच मोजल्या, तिथे ६ तास येतात. म्हणजे खरी बचत ४० मिनिटांची. आधी सिस्टर राउंड संपताच मार्क करायच्या, आता कागद तयार झाले की मग करतात.

रातपाळी
मी स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या हॉस्पिटलात. ताईलोकांना चोर ठरवू नका भाऊ. वेळेवरून बोलणी बसली की माणूस मार्क उशिरा करणारच. डॉक्टर ११ वाजता 'डिस्चार्ज' लिहून ओटीत जातात. डिस्चार्ज कार्ड लिहिणारे आरएमओ ओपीडीतून दीड-दोनला मोकळे होतात. उरलेली औषधं मेडिकलला परत करायची, त्याची रांग वेगळी. यात सिस्टरला कसलं ट्रेनिंग देणार? आदल्या रात्रीच 'उद्या जाणार' अशी यादी मिळाली तर आम्ही रातपाळीत निम्मे कागद आणि औषधं परत करून ठेवतो.

तापीकाठ
रातपाळी ताई, हाच बाण त्या नकाशात नव्हता. केळीबाग, शिक्षणाच्या चौकटीतून '३१ सिस्टर हजर' काढा. त्या जागी 'आदल्या रात्री यादीत आलेले डिस्चार्ज, दुसऱ्या दिवशीच्या एकूणपैकी किती' हे प्रक्रियेत ठेवा, आणि रात्रीच्या किती सिस्टरना चूक न होता अर्धी फाईल तयार करता येते, ते शिक्षणात.

कॅशलेसचं वेगळं मोजा. फायनल बिल गेल्यावर विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची, असं आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. तो वेळ तुमच्या हातात नाही. फाईल अपुरी गेली म्हणून आलेली क्वेरी मात्र तुमच्या हातात आहे. सही नाही, नर्सिंग नोट्समध्ये तारीख चुकली, रिपोर्ट जोडला नाही, असल्या क्वेरी. एक क्वेरी आली की पेशंट संध्याकाळपर्यंत बसून, आणि पुढे क्लेममधून कपात. फाईल पूर्ण, म्हणून क्वेरी कमी, म्हणून कपात कमी: ही साखळी रिकामे बेड असतानाही पैशापर्यंत पोचते. जानेवारीतला परिणाम इथे शोधायला हवा होता.

केळीबाग
कपात किती होते ते अकाउंटकडे एकत्र आकड्यात आहे, क्वेरीच्या कारणाप्रमाणे नाही. आजपासून टीपीए डेस्कवर वही सुरू करतो.

वरणबट्टी
आता आलं लक्षात, मी प्रश्नच वेगळा समजलो होतो. पण एक अडचण सांगतो. रोजाच्या दराने बिल घेता तिथे पेशंट एक दिवस आधी गेला तर उत्पन्न घटतं. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजमध्ये उलट, जास्त राहिला तर खर्च आपला. एकाच बाणाचे दोन परिणाम होतात. हे नकाशात कसं दाखवणार?

तापीकाठ
डॉक्टरसाहेब, तासांच्या बचतीत हा प्रश्न फारसा येत नाही, मुक्कामाचे दिवस मोजायला घेतले की येतो. मी पॅकेज आणि रोजाचे पेशंट वेगळ्या ओळीत ठेवायचे. तरी रोजाच्या बाजूने 'लवकर घरी पाठवा' म्हणायला व्यवस्थापन कचरतंच. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

सातपुडा
मग इन्सेन्टिव्ह कशालाच नाही का?

तापीकाठ
एक सीझन जाऊ द्या. यादीमुळे डिस्चार्जचा वेळ ५ तास २० मिनिटांवरून खाली आला आणि परत पाठवलेल्यांचं रजिस्टरही उतरलं, तर बोलू.

केळीबाग
काल रात्री पहिली यादी केली. ११ पैकी ४ नावं आली. उरलेले ७ व्हिजिटिंग कन्सल्टंटचे, ते सकाळच्या राउंडआधी काही सांगत नाहीत. त्यांना आदल्या संध्याकाळी बोलतं करायचं कसं? कोणाला जमलंय का?

रातपाळी
आमच्याकडे इन्चार्ज सिस्टर आठ वाजता फोन करतात. तीन डॉक्टर उचलतात, दोन नाही उचलत.