'तुमची आठवण येईल' हे स्पॅनिशमध्ये कसं लिहायचं?

कपाशी (आर्णी तालुका): पाचवीतली भाची शाळेतल्या मेक्सिकोच्या मॅडमसाठी निरोपाचं कार्ड करतेय. मजकूर तिचाच: "मॅडम, तुम्ही आम्हाला प्रेमानं शिकवलं. तुमची खूप आठवण येईल. पुन्हा या." शब्दकोशात आठवणीसाठी 'रेकोर्दार' सापडलं. ते चालेल का? मॅडम शनिवारी निघतात.

पळसफूल: 'रेकोर्दार' म्हणजे लक्षात ठेवणं. 'तुम्ही आमच्या लक्षात राहाल' एवढंच त्यातून पोचतं. मॅडम नसल्यावर वर्गात चुकल्याचुकल्यासारखं होईल, हे त्यात येत नाही. आपल्या 'आठवण येणे'त दोन्ही मावतं. मेक्सिकोत त्यासाठी 'एक्स्त्रान्यार' म्हणतात. स्पेनमध्ये बहुधा 'एचार दे मेनोस' ऐकू येईल, पण मॅडमना पहिलंच घरचं वाटेल.

वर्धेकर: मग 'ते बोय आ एक्स्त्रान्यार' लिहा. स्पॅनिशमध्ये सगळ्यांना तूच म्हणतात.

पळसफूल: वाक्य बरोबर आहे, पण 'ते' म्हणजे 'तुला'. आदरार्थी 'उस्तेद' आहे की तिकडे! भाची 'तुम्ही' म्हणते, तर बाईमाणसासाठी 'ला बोय आ एक्स्त्रान्यार मूचो' लिहावं. 'मूचो' म्हणजे खूप.

वर्धेकर: माझ्या मेक्सिकन सहकाऱ्याची मुलं शिक्षिकेला तूच म्हणायची.

पळसफूल: काही शाळांत म्हणतातही. वर्गात मुलं मॅडमना काय म्हणतात, त्यावर ठरवा.

संत्राबाग: आमच्याकडे निघताना 'जातो' म्हटलं की आजी रागवायची, 'येतो म्हण' म्हणायची. 'आदिओस' लिहू नका, ते कायमचं वाटतं.

पळसफूल: निघणाऱ्या तर मॅडम आहेत. पण 'आदिओस' मलाही जड वाटतं. 'पुन्हा या'चं शब्दशः 'बुएल्वा प्रोन्तो' होतं, ते मात्र दुकानाच्या दारावरच्या पाटीसारखं दिसेल. त्यापेक्षा 'आकी ला एस्पेरामोस', म्हणजे आम्ही इथं तुमची वाट पाहतो. 'एस्पेरार'मध्ये वाट पाहणं आणि आशा करणं दोन्ही आहे. मला हे फार आवडतं. सगळं कार्ड असं होईल:

केरीदा माएस्त्रा:
ग्रासियास पोर एन्सेन्यार्नोस कोन कारीन्यो.
ला बोय आ एक्स्त्रान्यार मूचो.
आकी ला एस्पेरामोस.

इथं उच्चार दिलेत, रोमन स्पेलिंग शब्दकोशातून उतरवा. यात 'न्य' तीनदा येतो. तो लिहिताना रोमन एनच्या डोक्यावर छोटी लाट काढावी लागते. ती नसेल तर ते वेगळंच अक्षर. 'एक वर्ष शिकवलं' असं घालणार असाल तर जास्तच जपा. तिथं लाट राहिली, की वर्षाच्या जागी शरीराच्या भलत्याच भागाचं नाव होतं.

कपाशी: वर्ष घातलं नाही. तिन्ही लाटा तिनं निळ्या स्केचपेननं काढल्या, ढगांना घरचा कापूस चिकटवला. खाली मराठीत स्वतःहून लिहिलंय: "मॅडम, तुमची लय आठवन येईन." ते 'आठवण येईल' करून घेऊ का?

वर्धेकर: करा. शाळेचं कार्ड आहे, शुद्ध हवं.

संत्राबाग: हात लावू नका. वर्षभर मॅडमनी हेच ऐकलंय.