थाप मारून झाल्यावर ‘गंमत केली हो’ म्हणायचं का?

माहेर_कुडाळ: माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 78. नातवाला त्यांनी फणसाची गोष्ट सांगितली. एका वर्षी परसातला बरका फणस एवढा मोठा झाला की झाडावरून उतरवेना, म्हणून भोक पाडून दोन गडी आत पाठवले. एक चिकात रुतला, त्याला दोन डबे खोबरेल ओतून बाहेर काढला. दुसरा अजून सापडलेला नाही. पोरगा तिसरीत आहे. त्याने हे वर्गात खरं म्हणून सांगितलं, सगळे हसले, घरी येऊन रडला. माझं म्हणणं एवढंच की शेवटी ‘गंमत होती रे’ म्हणावं. अण्णा म्हणतात, ‘मग सांगायचीच कशाला?’ तुम्हाला काय वाटतं?

गोष्टीवेल्हाळ: मी अण्णांच्या बाजूने. कारण सांगतो, जरा लांबण लागेल.

जर्मनीतल्या म्युंशहाउसेन या बॅरनची एक थाप आहे. रशियातून घोड्यावर जात होता, सगळीकडे बर्फ, गाव कुठे दिसेना. रात्र झाली तेव्हा बर्फातून वर आलेल्या एका टोकाला घोडा बांधला आणि तिथेच झोपला. सकाळी डोळे उघडतो तर आपण चर्चच्या आवारात, घोडा नाही. वरून खिंकाळणं ऐकू आलं. पाहतो तर घोडा चर्चच्या कळसाला लटकलेला! रात्रीत बर्फ वितळला होता आणि हा झोपेतच हळूहळू खाली उतरत गेला होता. त्याने पिस्तूल काढलं, लगाम नेम धरून तोडला, घोडा खाली आला, आणि पुढच्या प्रवासाला निघाला.

आता मोजा. अशक्य गोष्ट तशी एकच, एवढा बर्फ पडणं आणि एका रात्रीत वितळणं. ती एकदा पदरात घातली की बाकी सगळं हिशेबाने येतं. बर्फ गेला म्हणजे टोक उंच जाणार, बांधलेला घोडा वरच राहणार. आणि शेवटी सांगणाऱ्याला आश्चर्य नाही. तो घोड्यावर बसतो आणि निघतो. तिथे ‘गंमत केली’ म्हटलं असतं तर घोडा अजून लटकतच राहिला असता.

अण्णांनी हेच केलंय. खोबरेल बघा ना! फणस कापताना हाताला तेल लावतात हे कोकणात पोरालाही माहीत. अख्ख्या माणसाला चीक लागला तर दोन डबे लागणारच की. थाप टिकते ती या डब्यांवर.

रोखठोक_पुणेरी: कारागिरी मान्य, निष्कर्ष अमान्य. बॅरन कुणाला सांगत होता? जेवणानंतर बसलेल्या मोठ्या माणसांना. त्यांना ठाऊक होतं. थाप मारणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात सामील असतात, तेव्हाच ती थाप. एकालाच ठाऊक असेल तर ती फसवणूक. तिसरीतला पोरगा सामील नव्हता. हसले ते वर्गातले, पण त्याला वर्गापुढे उभं कुणी केलं?

बाराभाई: तो बॅरन खरा नव्हताच हो. कुणा इंग्रजाने लिहिलेलं काल्पनिक पात्र आहे ते.

गोष्टीवेल्हाळ: @बाराभाई पुस्तक आधी इंग्रजीत आलं हे बरोबर, पण माणूस खरा होता. 1720 ते 1797. रशियन सैन्यात होता, तुर्कांशी लढला, मग बोडनवेर्डरला आपल्या जमिनीवर राहून पाहुण्यांना किस्से सांगायचा. 1781 मध्ये बर्लिनच्या एका विनोदी संग्रहात त्याच्या नावावर थोडे किस्से छापले गेले. 1785 च्या अखेरीस रास्पे नावाच्या जर्मनाने इंग्लंडमध्ये बसून, स्वतःचं नाव न घालता, पुस्तक काढलं. हा रास्पे मालकाच्या संग्रहातल्या मौल्यवान वस्तू लांबवून पळालेला, म्हणजे थापेबाजाच्या गोष्टी चोराने छापल्या! नंतर ब्युर्गर नावाच्या जर्मन कवीने त्या जर्मनमध्ये नेताना स्वतःच्या पुड्या सोडल्या. स्वतःच्या वेणीला धरून घोड्यासकट दलदलीतून वर येण्याची गोष्ट त्यातलीच.

आणि @रोखठोक, तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. पुस्तक गाजल्यावर बॅरन संतापला. लोक त्याला ‘थापाड्या बॅरन’ म्हणायला लागले, त्याला बघायला येऊ लागले. ओसरीवर जी गंमत होती ती छापल्यावर बदनामी झाली. ऐकणारा बदलला की थाप बदलते, एवढं कबूल.

नोकरदार_ठाणे: आमच्या ऑफिसात असाच एक आहे. मुलाखतीत म्हणाला, 40 माणसांची टीम सांभाळली. नंतर कळलं, तिघंच होते. त्याची थाप चालवून घ्यायची का? मी वरिष्ठांकडे जावं का?

रोखठोक_पुणेरी: @नोकरदार_ठाणे ती थाप नाही, ते खोटं. तुम्ही विश्वास ठेवावा असं त्याला हवं होतं. 40 च्या जागी 4,000 म्हणाला असता तर थाप झाली असती. वरिष्ठांकडे जायचं तर जा, पण या धाग्याशी त्याचा संबंध नाही.

गोष्टीवेल्हाळ: हे मात्र तुम्ही नेमकं बोललात. मोजकी अतिशयोक्ती विश्वास मिळवायला असते. थापेला विश्वास नको असतो, तिला फक्त ‘हूं’ हवा असतो.

सुगरण_खानदेश: ‘हूं’वरून आठवलं. आमची आजी सांगायची तेव्हा हुंकारा द्यावा लागायचा, थांबला की गोष्ट थांबली. तिची एक गोष्ट होती. राजा म्हणतो, जो मला ‘हे खोटं’ म्हणायला लावेल त्याला अर्धं राज्य. सगळे आकाशाला शिडी लावून येतात, राजा प्रत्येकाला म्हणतो, ‘असेलही.’ मग एक गरीब माणूस रिकामा रांजण घेऊन येतो. ‘महाराज, तुमच्या वडिलांनी माझ्या बापाकडून हा रांजण भरून मोहरा उसन्या घेतल्या होत्या.’ राजा अडकला! ‘खोटं’ म्हणाला तर अर्धं राज्य, ‘असेलही’ म्हणाला तर मोहरा द्या. आम्ही अर्धं राज्य द्यायला लावायचो. धाकटी म्हणायची, मोहरा घ्या, राज्य सांभाळायला त्रास.

गोष्टीवेल्हाळ: अशीच कथा आर्मेनियातही सांगतात. लक्षात घ्या, आकाशाच्या शिडीने राजा हरत नाही, उधारीने हरतो.

आणि @माहेर_कुडाळ, अण्णांना सांगा, त्यांचा एक भाऊबंद इंग्लंडमध्ये होऊन गेला. कंब्रिया भागातला विल रिटसन, खानावळवाला, 19 व्या शतकातला. तो सांगायचा, आमच्या खोऱ्यातले सलगम एवढे मोठे की रविवारच्या जेवणासाठी लोक ते खाणीसारखे खोदतात, आणि पोकळी झाली की त्यात मेंढ्या ठेवतात. त्याच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी थापांची स्पर्धा होते. राजकारणी आणि वकिलांना भाग घ्यायला बंदी आहे, ते फारच सराईत म्हणून.

रोखठोक_पुणेरी: बघा, स्पर्धेत पाटी लावलेली असते. ‘इथे खोटं बोललं जातं.’ मी एवढंच मागतोय. पोरासाठी पाटी लावा.

गोष्टीवेल्हाळ: पाटी गोष्टीतच असते. ‘दुसरा अजून सापडलेला नाही’ हीच ती. ती वाचायला पोराला थोडा वेळ लागेल, बस्स.

रोखठोक_पुणेरी: आणि तोवर वर्गात हसं.

माहेर_कुडाळ: सगळे प्रतिसाद वाचले. मी अजून रोखठोक यांच्या बाजूनेच आहे, पण काल रात्री वेगळंच झालं. लेक अण्णांच्या शेजारी जाऊन बसला आणि विचारलं, ‘आजोबा, तो दुसरा गडी अजून आत असेल तर त्याला जेवण कोण देतं?’ मला वाटलं आता तरी हसतील. अण्णा पानाला चुना लावत होते, मान वरही केली नाही. म्हणाले, ‘आत गरे कमी आहेत काय?’ लेक जरा गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग आता आठळ्यांचा ढीग केवढा झाला असेल!’